एक्स्पायरीजवळचा डिजिटल कॉल: डेल्टा हेज का टिकत नाही आणि डेस्क त्याऐवजी काय करतं

प्रश्न: डिजिटल कॉलची किंमत ब्लॅक-शोल्समध्ये एका ओळीत निघते. मग एक्स्पायरी जवळ आली की त्याचं डेल्टा हेजिंग एवढं का बिघडतं? दिवसातून एकदा करण्याऐवजी दर दहा मिनिटांनी रिबॅलन्स केलं तर प्रश्न सुटत नाही का?

उत्तर:

सुटत नाही. वारंवारता वाढवून चूक कमी होते, पण इतक्या संथपणे की व्यवहाराचा खर्च तिला सहज मागे टाकतो. शिवाय शेवटच्या तासाभरात हेज स्वतःच मूळ ऑप्शनपेक्षा मोठी जोखीम होऊन बसतं. हे कसं होतं ते एकाच उदाहरणातून पाहू.

निफ्टीवरचा कॅश-ऑर-नथिंग कॉल घ्या. ठरलेल्या दिवशी निफ्टी २५,००० च्या वर बंद झाला तर १ कोटी रुपये, नाहीतर काहीच नाही. एक्सचेंजवर असा ऑप्शन मिळत नाही, पण आपल्याकडच्या मार्केट-लिंक्ड डिबेंचरमध्ये तो बऱ्याचदा दडलेला असतो: निफ्टी अमुक पातळीच्या वर असेल तर ठरलेला परतावा, नसेल तर फक्त मुद्दल. ज्याने अशी नोट विकली त्याने डिजिटल कॉल विकलेला असतो. पुढे सगळं या विकणाऱ्याच्या बाजूने लिहितो. व्याज आणि लाभांश शून्य धरतो, व्होलॅटिलिटी १२ टक्के, वर्षाचे २५२ ट्रेडिंग दिवस आणि दिवसाचे सव्वासहा तास. रात्रीच्या गॅपचा वेगळा हिशोब केलेला नाही, त्याने मुद्दा बदलत नाही.

किंमत आणि डेल्टा असे:

```
Price = Q * exp(-rT) * N(d2)
Delta = Q * exp(-rT) * phi(d2) / (S * vol * sqrt(T))
```

डेल्टाच्या छेदात `S * vol * sqrt(T)` आहे, म्हणजे उरलेल्या वेळात निफ्टी साधारण किती पॉइंट हलेल त्याचा अंदाज. वेळ संपत जाते तसा हा छेद शून्याकडे जातो, आणि निफ्टी स्ट्राइकवरच असेल तर वरची `phi(d2)` मात्र ०.४ च्या आसपास जागीच राहते. सगळी अस्थिरता इथून येते. आकडे हाताने तपासायचे असतील तर एवढं पुरे:

```python
from math import sqrt, exp, pi
S = 25000; vol = 0.12; Q = 1e7
for hours in (131.25, 31.25, 6.25, 1, 0.25):
    sd = vol * sqrt(hours / 6.25 / 252)
    phi = exp(-sd**2 / 8) / sqrt(2 * pi)
    print(hours, round(S * sd), round(Q * phi / (S * sd)))
```

निफ्टी बरोबर २५,००० वर असताना एक महिना आधी डेल्टा साधारण ४,६०० युनिट निघतो, म्हणजे साडेअकरा कोटींचे फ्युचर्स. पाच दिवस आधी तो ९,४०० च्या वर जातो आणि एक दिवस आधी २१,१०० होतो. शेवटचा एक तास उरला की ५२,८०० युनिट लागतात, आणि पंधरा मिनिटं उरली की १,०५,५५०. म्हणजे १ कोटीच्या देण्यासाठी २६४ कोटींचे फ्युचर्स हातात.

हे हेज पंधरा मिनिटं आधी पूर्ण लावलं आणि त्यानंतर हात लावता आला नाही असं समजा. त्या क्षणी ऑप्शनची किंमत सुमारे ५० लाख आहे. निफ्टी ६० पॉइंट घसरून बंद झाला, तर ऑप्शन शून्य झाल्याने ५० लाख सुटले, पण फ्युचर्सवर ६३ लाख गेले. १५० पॉइंट घसरला तर फ्युचर्सवर १ कोटी ५८ लाख जातात आणि निव्वळ तोटा १ कोटी ८ लाख होतो, म्हणजे ऑप्शनच्या अख्ख्या पेआउटपेक्षा जास्त. काहीच हेज नसतं तर त्या क्षणापासून पुढे जास्तीत जास्त ५० लाख गेले असते. साधारण ९५ पॉइंटपेक्षा मोठी घसरण आली की हेज केलेलं बुक हेज न केलेल्या बुकाच्या सर्वांत वाईट स्थितीपेक्षाही वाईट ठरतं. साध्या कॉलमध्ये हे होऊ शकत नाही, कारण तिथे डेल्टा कधीच एका युनिटच्या वर जात नाही. डिजिटलच्या डेल्टाला वरची मर्यादाच नाही.

तुम्ही म्हणाल, म्हणूनच तर मधे मधे रिबॅलन्स करायचं. पण इथे गॅमाची अडचण येते. डिजिटलचा डेल्टा स्ट्राइकभोवती घंटेच्या आकाराचा असतो: निफ्टी खालून स्ट्राइककडे येताना तो वाढतो, स्ट्राइक ओलांडल्यावर कमी होतो. त्यामुळे विकणारा स्ट्राइकच्या खाली शॉर्ट गॅमा असतो आणि वर लाँग गॅमा. शेवटच्या तासाच्या सुरुवातीला निफ्टी २५,००० वरून ७६ पॉइंट खाली गेला तर डेल्टा ५२,८०० वरून ३२,००० वर येतो, म्हणजे सुमारे २०,८०० युनिट विकायची. तो लगेच परत आला तर तेवढीच युनिट ७६ पॉइंट वरच्या भावाने पुन्हा घ्यायची. फक्त या दोन टोकांना व्यवहार केले तर एका फेऱ्यात १५ लाख ८० हजार गेले. हाच फेरा स्ट्राइकच्या वर, २५,००० ते २५,०७६ आणि परत, असा झाला तर तेवढेच मिळतात. थीटा दोन्हीकडे उलट दिशेने भरपाई करतो, पण ती भरपाई घड्याळाप्रमाणे संथ येते आणि निफ्टी तसा हलत नाही. वेगासुद्धा स्ट्राइकपाशी चिन्ह बदलतो, त्यामुळे साध्या ऑप्शननी गॅमा झाकायचा म्हटलं तर आत्ता घेतलेला ऑप्शन वीस मिनिटांनी चुकीच्या बाजूला उभा असतो.

आता वारंवारतेबद्दल, कारण तुमचा प्रश्न मुळात तोच आहे. दोन रिबॅलन्समधल्या प्रत्येक तुकड्यात होणारी चूक गॅमाच्या प्रमाणात असते, म्हणून सगळ्या चुकांचा व्हेरियन्स गॅमाच्या वर्गावर ठरतो. साध्या कॉलचा गॅमा स्ट्राइकजवळ `1/sqrt(T)` ने वाढतो, त्यामुळे त्याचा वर्ग `1/T` ने. डिजिटलचा गॅमा `1/T` ने वाढतो आणि त्याचा वर्ग `1/T^2` ने. निफ्टी त्या धोक्याच्या पट्ट्यात असण्याची शक्यता दोन्हीकडे `sqrt(T)` ने आकसते. साध्या कॉलमध्ये हे आकसणं पुरेसं पडतं, डिजिटलमध्ये पडत नाही. बेरीज केली की साध्या कॉलची प्रमाणित चूक रिबॅलन्सच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होते, डिजिटलची चौथ्या मुळाने. समान अंतराने रिबॅलन्स करताना हा दर येतो हे गोबे आणि तेमाम यांनी २००१ मध्ये सिद्ध केलं. म्हणजे चूक निम्मी करायची तर साध्या कॉलमध्ये चौपट व्यवहार पुरतात, डिजिटलमध्ये सोळापट लागतात. त्यातही चुकीचा मोठा वाटा अगदी शेवटच्या काही तुकड्यांत येतो. महिनाभर नीट चाललेलं हेज शेवटच्या दोन-चार तुकड्यांत निकाली निघतं.

शेवटाकडे वारंवारता वाढवत नेली तर कागदावर दर सुधारतो हे खरं. पण तिथेच डेल्टा लाखाच्या घरात असतो. पंधरा मिनिटं उरली असताना निफ्टी २५,००० वरून २४,९२५ ला गेला तर ९१,००० युनिट विकायची असतात. एवढी विक्री त्या घाईत करताना बिड-आस्क तर लागतोच, शिवाय आपली स्वतःचीच ऑर्डर भाव हलवते. स्ट्राइकच्या खाली निफ्टी चढत असेल तर विकणाऱ्याला चढत्या भावात फ्युचर्स घ्यावे लागतात, आणि त्याचीच खरेदी निफ्टीला त्या पातळीच्या वर ढकलते जिथे त्याला १ कोटी द्यायचे आहेत.

हे सगळं दर एक्स्पायरीला होतं असं नाही. महिन्याआधी स्ट्राइकवर असलेला डिजिटल ५० पॉइंटच्या आत संपण्याची शक्यता साडेचार टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणूनच नवीन माणसाला बरेच महिने वाटतं की आपलं मॉडेल छान चाललं आहे.

मग डेस्क काय करतं? डिजिटल डिजिटल म्हणून बुकच करत नाही. पहिल्या दिवसापासून तो कॉल स्प्रेड म्हणून नोंदवतं. विकणारा असेल तर खालचा स्ट्राइक विकत घेऊन आणि वरचा विकून: २४,८०० चा कॉल घ्यायचा, २५,००० चा विकायचा, दोन्ही ५०,००० युनिट (१ कोटी भागिले २००). २५,००० च्या वर हा स्प्रेड बरोबर १ कोटी देतो, २४,८०० च्या खाली शून्य, आणि मधल्या पट्ट्यात निफ्टी थांबला तर जे मिळेल ते विकणाऱ्याचं. हेज कुठेही देण्यापेक्षा कमी पडत नाही. सिस्टिमही या स्प्रेडचाच डेल्टा दाखवते, आणि तो काहीही झालं तरी ५०,००० च्या वर जाऊ शकत नाही. पंधरा मिनिटं उरली असताना निफ्टी २५,००० वरून २४,९२५ ला गेला तर आता ९१,००० विकण्याऐवजी २४,००० च्या आसपास घ्यायची असतात. गॅमा दोन्ही टोकांच्या स्ट्राइकवर अजूनही वाढतो, पण साध्या ऑप्शनसारखा, आणि तो कसा सांभाळायचा हे प्रत्येक डेस्कला माहीत असतं.

स्प्रेडची रुंदी किती ठेवायची हा खरा निर्णय आहे आणि तो मॉडेल देत नाही. मी उलटीकडून जातो: शेवटच्या तासात बाजार न हलवता किती युनिट घेता किंवा विकता येतील ते आधी ठरवा, मग पेआउटला त्या आकड्याने भागा. ५०,००० युनिट झेपत असतील तर २०० पॉइंट, २५,००० च झेपत असतील तर ४०० पॉइंट. रुंदीला किंमत असते. महिन्याआधीचा ४,६०० युनिटचा डेल्टा धरला तर २०० रुंदीचा स्प्रेड मधोमध १०० पॉइंट सरकल्यासारखा असतो, म्हणजे सुमारे ४ लाख ६० हजार जास्त. १०० रुंदीला २ लाख ३० हजार. हा पैसा ग्राहकाच्या भावात धरायचा असतो. पेआउट दसपट असेल तर त्याच बाजारात रुंदीही दसपट लागते, म्हणून मोठ्या डिजिटलचा भाव १ कोटीमागे लहानापेक्षा महाग असलाच पाहिजे. विक्री विभागाला हे दर वेळी समजावून सांगावं लागतं, पण त्यात सूट देऊ नये.

कॉल स्प्रेडने विचार केला की किंमतही आपोआप दुरुस्त होते. `N(d2)` मध्ये एकच व्होलॅटिलिटी घातली तर एक महिन्याच्या आपल्या डिजिटलची किंमत ४९ लाख ३० हजार येते. पण निफ्टीत खालच्या स्ट्राइकची व्होलॅटिलिटी वरच्यापेक्षा जास्त असते. समजा हा उतार, म्हणजे स्क्यू, दर १०० पॉइंटला ०.२ टक्क्याचा आहे. मग २४,९५० चा कॉल १२.१ वर आणि २५,०५० चा ११.९ वर भावतो. तो स्प्रेड या दोन व्होलॅटिलिटींनी मोजा: नुसत्या उतारामुळे ५.७६ पॉइंट वाढतात, म्हणजे १ कोटीवर सुमारे ५ लाख ८० हजार. खरी किंमत ५५ लाखांच्या थोडी वर. सूत्रात लिहायचं तर:

```
Digital = exp(-rT)*N(d2) - Vega * d(vol)/dK
```

एकाच व्होलॅटिलिटीने भाव देणारा विकणारा पहिल्याच दिवशी जवळजवळ सहा लाख सोडून देतो, आणि त्यातले किती स्क्यूमुळे गेले हे त्याला पुढे कधी नीट दिसत नाही, कारण ते रोजच्या हेजिंगच्या चढउतारात मिसळून जातात. स्क्यू आणि २०० ची रुंदी दोन्ही धरली तर भाव साडेएकोणसाठ लाखांच्या आसपास येतो. ४९ आणि साडेएकोणसाठ यांतला फरक बघितला की पुस्तकी सूत्राने या वस्तूचा भाव का देऊ नये ते स्पष्ट होतं.

एक चूक सिस्टिममध्ये वारंवार सापडते ती इथेच सांगतो. बरीच जोखीम सॉफ्टवेअर डेल्टा काढताना स्पॉट १ टक्का वर आणि १ टक्का खाली करून किंमतीतला फरक घेतात. २५,००० वर हे ±२५० पॉइंट झाले. शेवटच्या तासात प्रमाणित हालचालच ७६ पॉइंट असते, त्यामुळे एका टोकाला किंमत १ कोटी, दुसऱ्या टोकाला शून्य, आणि डेल्टा येतो २०,०००. खरा डेल्टा ५२,८०० असतो. पंधरा मिनिटं उरली तरी रिपोर्ट २०,००० च दाखवत राहतो. ओळखायची खूण अशी की डेल्टा वेळेनुसार वाढायचा थांबतो, गॅमा संशयास्पद शांत दिसतो आणि दिवसाच्या नफा-तोट्यात न उलगडलेली रक्कम वाढत जाते. माँटे कार्लोवर चालणाऱ्या बुकात याहून वाईट होतं: प्रत्येक पाथवर पेआउटचं थेट डेरिव्हेटिव्ह घेतलं तर ते जवळपास सगळीकडे शून्य असतं, म्हणून डेल्टाही शून्य येतो. तिथेही पेआउटच्या जागी स्प्रेड ठेवणं हाच सरळ उपाय.

निफ्टीच्या बाबतीत बंद भाव कसा ठरतो हे टर्मशीटमध्ये नीट वाचा. निफ्टीचा बंद भाव अनेक वर्षं घटक शेअरच्या शेवटच्या अर्ध्या तासाच्या भारित सरासरी भावांवरून काढला जात आला आहे. सरासरी आहे म्हणजे शेवट मऊ होईल असं बरेच जण समजतात. ते अर्धंच खरं आहे. ३:१५ ला निम्मी सरासरी ठरलेली असते. ती बरोबर २५,००० असेल आणि निफ्टीही तिथेच असेल, तर उरलेल्या पंधरा मिनिटांच्या सरासरीची हालचाल साध्या बंद भावापेक्षा कमी असते, म्हणून डेल्टा १,०५,५५० च्या ऐवजी १,८२,००० च्या पुढे जातो. पण ठरलेली सरासरी आणि निफ्टी दोन्ही २५,०४० असतील, तर हरायला उरलेली सरासरी २४,९६० च्या खाली यावी लागते, आणि डेल्टा दोन-तीनशे युनिटवर उतरतो. त्याच जागी साध्या बंद भावाच्या डिजिटलचा डेल्टा ६०,००० असता. म्हणजे सरासरीमुळे बहुतेक वेळा खेळ लवकर संपतो, आणि जेव्हा संपत नाही तेव्हा तो जास्त तीव्र होतो. शेवटच्या अर्ध्या तासात हेज करणाऱ्याच्या स्क्रीनवर निफ्टीच्या आकड्याशेजारी चालू सरासरी आणि उरलेल्या वेळेसाठीचा बदलता स्ट्राइक दिसायलाच हवा. नुसता स्पॉट पाहून केलेलं हेज तिथे चुकीच्या पातळीभोवती फिरत राहतं.

प्रत्यक्ष लिस्टेड ऑप्शन वापरता आले तर हे सारं टळतं. निफ्टीचे जवळच्या एक्स्पायरीचे स्ट्राइक ५० पॉइंटच्या अंतराने मिळतात, आणि नोटेचा अंतिम भाव त्याच एक्स्पायरीच्या त्याच बंद भावावर ठरत असेल तर २४,८००/२५,००० चा स्प्रेड विकत घेऊन ठेवला की शेवटच्या तासात काही करायचं राहत नाही. अडचण मुदतीची आहे. नोटा तीन वर्षांच्या आसपास असतात आणि लिस्टेड ऑप्शनमधली खरी उलाढाल जवळच्या एक्स्पायरीत असते. म्हणून आधीचा काळ बुकातल्या स्प्रेडचा डेल्टा आणि वेगा सांभाळत काढायचा आणि ती एक्स्पायरी बाजारात खोल झाली की, निफ्टी स्ट्राइकपासून अजून दूर असतानाच, लिस्टेड स्प्रेड भरायला सुरुवात करायची. स्ट्राइकजवळ पोचल्यावर तोच स्प्रेड विकणारे लोक तुमची गरज ओळखून भाव देतात.

नोट एकापेक्षा जास्त तारखांच्या सरासरीवर असेल तर एका एक्स्पायरीचा स्प्रेड पुरत नाही. प्रत्येक तारखेनंतर उरलेल्या तारखांसाठीचा स्ट्राइक नव्याने काढून त्यानुसार भरती करावी लागते. आणि तुम्ही डिजिटल विकत घेतला असेल तर स्प्रेडची बाजू उलटी करा: २५,००० चा विकून २५,२०० चा घ्या, दोन्ही ५०,००० युनिट. विकणाऱ्याचाच २४,८००/२५,००० उलटा करून लावला तर २४,८०० ते २५,००० मध्ये कुठेही बंद झाल्यावर तुमच्याकडे डिजिटलचे शून्य आणि स्प्रेडवर देणं अशी अवस्था होते.